सहा महिन्यांच्या बाळाच्या मऊ भाताचा फोटो: एवढ्यावरून अन्न योग्य आहे की नाही, हे सांगता येईल का?

मानेवाडा_आई

नमस्कार. माझ्या मुलीला नुकतेच सहा महिने पूर्ण झाले. उष्टावण झाल्यापासून आम्ही तिला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून दोन वेळा वरचे अन्न देत आहोत. सोबतच्या फोटोत आजचे सकाळचे जेवण आहे. तांदूळ, मुगाची डाळ आणि गाजर कुकरमध्ये मऊ शिजवून मिक्सरमधून काढले आहे. मीठ घातलेले नाही. फोटो स्टीलच्या वाटीचा असून वरून घेतलेला आहे.

हाच फोटो मी नातेवाइकांच्या गटात टाकला, तेव्हा प्रत्येकाने वेगळे मत दिले. सासूबाईंच्या मते हे अजून पातळ हवे, म्हणजे घशात अडकणार नाही. माझी बहीण म्हणाली की हे अन्न नसून पाणी आहे. यजमानांना रंग छान वाटला. माझा प्रश्न असा आहे की फोटो पाहून बाळाच्या जेवणाबद्दल नक्की काय ठरवता येते आणि काय ठरवता येत नाही? आणि या वाटीबद्दल आपले काय मत आहे?

हिंगणा_रोड

रंगाबाबत मी आपल्या यजमानांशी सहमत आहे. बाकी विषयात मला मत देण्याचा अधिकार नाही, कारण आमच्या घरी मुलाने पहिला घास माझ्या शर्टावर दिला होता.

अजनीकर

सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. सहा महिन्यांच्या बाळाचे पोट अगदी लहान असते आणि त्याला गिळायची सवय नसते. त्यामुळे पहिला महिनाभर वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज आणि फळांचा रस एवढेच द्यावे आणि त्यानंतर हळूहळू घट्ट करावे. डाळीचे सगळे सत्त्व शिजताना पाण्यात उतरते, म्हणून वरणाचे पाणी हलके असूनही पौष्टिक असते. आमच्या दोन्ही मुलांना आम्ही असेच दिले आणि दोघेही ठणठणीत आहेत. फोटोतील अन्न मला थोडे घट्टच वाटते.

छायाचित्रकार_धंतोली

फोटो पिवळ्या दिव्याखाली घेतलेला आहे आणि वाटीच्या चकाकीमुळे मधला भाग जळून पांढरा झाला आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, वाटीखाली गडद रंगाचे कापड ठेवून पुन्हा घ्यावा. उष्टावणाची आठवण म्हणून जपायचा असेल, तर पार्श्वभूमीला चांदीची वाटी आणि बाळाचा हात असल्यास अधिक शोभेल.

वाटीचमचा

मी गेली बरीच वर्षे लहान मुलांच्या आहारसल्ल्याचे काम करते आणि आता बहुतेक पालक वाटीचा फोटोच पाठवतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

धंतोलीकरांनी प्रश्न वेगळा समजला असला, तरी त्यांची एक गोष्ट कामाची आहे. पिवळ्या दिव्याखाली पांढरा भातही वरणभात दिसतो. त्यामुळे या फोटोतील पिवळेपणावरून डाळ किती आहे किंवा गाजर किती आहे, हे कोणीही सांगू नये. वरून घेतलेल्या फोटोत वाटीची खोलीही कळत नाही आणि दाटपणाही कळत नाही. पाणी आणि पिठले वरून जवळजवळ सारखेच दिसू शकतात.

तरीही या फोटोत एक खूण आहे. वाटीच्या कडेला, अन्न आणि स्टील यांच्यामध्ये, पाण्याची एक बारीक चकचकीत रेघ दिसते. मिश्रणात मावेल त्यापेक्षा पाणी जास्त असले की ते असे बाजूला सुटते. माझा अंदाज असा की हे पातळ आहे, पण अंदाजापुढे जायला मला दोन फोटो लागतील. पहिल्यात चमचाभर अन्न घेऊन चमचा तिरका धरावा आणि फोटो बाजूने काढावा. दुसऱ्यात वाटीतील अन्नावरून चमच्याने एक रेघ ओढून लगेच फोटो घ्यावा. अन्न चमच्यावरून ओघळून न जाता हळूच सरकले आणि ओढलेली रेघ क्षणभर टिकून मग मिटली, तर दाटपणा या वयाला योग्य आहे. धार लागली किंवा रेघ उमटलीच नाही, तर ते पातळ आहे.

दोन्ही फोटो अन्न भरवण्याइतके कोमट असतानाच घ्यावेत. भात थंड होत जातो तसा आळतो. त्यामुळे गार झालेल्या वाटीचा फोटो खऱ्यापेक्षा घट्ट दिसतो आणि मग सल्ला देणारा विनाकारण पाणी वाढवायला सांगतो.

प्रतापनगरच्या_आजी

आमच्या वेळी फोटो नव्हते, बोट होते. मऊ भात बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि बोट उलटे करायचे. तो चिकटून राहिला तर झाला. माझ्या आईने आम्हां भावंडांना गुरगुट्या भात तूप घालून भरवला आणि मी माझ्या मुलांना तोच दिला. पेज आम्ही तापातल्या माणसाला देत असू, वाढत्या मुलाला नाही. त्यामुळे जुन्या बायका सगळ्या पातळच भरवत होत्या, असे जे अजनीकरांच्या लिहिण्यावरून वाटते, ते मला मान्य नाही.

अजनीकर

आजी, आपला अनुभव मोठा आहे, परंतु पोट लहान असते हे तरी आपण मान्य कराल. लहान पोटात जड अन्न कशाला भरायचे?

वाटीचमचा

अजनीकरांचा मुद्दा अर्धा अगदी बरोबर आहे. पोट लहानच असते. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावते. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जागा थोडी असल्यामुळेच तिच्यात पाणी भरून चालत नाही. आणि डाळीचे सगळे सत्त्व पाण्यात उतरत नाही. तिची प्रथिने आणि पिष्ट बहुतांशी तळाशी बसलेल्या डाळीतच राहतात. वरचे पाणी बाळाला आणि गाळ मोठ्यांच्या वरणाला, असे झाले की जेवण मोठ्यांचे होते.

मानेवाडा_आई, आपण तांदूळ, डाळ आणि पाणी किती घेतले, तेवढे सांगितले तर हिशेब मांडून दाखवते. फोटोत दिसत नाही ते त्या आकड्यांत दिसेल.

दोन_पाळ्यांचा_बाबा

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. आमचा मुलगा ३४ व्या आठवड्यात जन्मला. जन्मतारखेने तो सहा महिन्यांचा झाला आहे, परंतु त्याला अजून आधाराने नीट बसता येत नाही आणि ओठांना चमचा लावला की जीभ पुढे येऊन सर्व बाहेर ढकलते. आम्हीही मिश्रण बरेच पातळ केले, तरी तो घेत नाही. फोटो टाकू का?

वाटीचमचा

आपल्या बाबतीत वाटीचा फोटो उपयोगाचा नाही, कारण अडचण वाटीत नाही. जिभेने बाहेर ढकलणे आणि मान किंवा पाठ न सावरणे म्हणजे बाळ अजून तयार झालेले नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करायचे, हे त्याचे वजन आणि त्याची तयारी पाहून आपल्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायला हवे. मिश्रण पातळ करून ते घशात उतरवण्याचा प्रयत्न मात्र थांबवावा.

मानेवाडा_आई

आपण सांगितल्याप्रमाणे संध्याकाळच्या जेवणाचे दोन फोटो जोडले आहेत. चमचा तिरका धरला तेव्हा जवळजवळ सर्व अन्न धारेने वाटीत परत गेले. रेघ मला दिसलीच नाही, फोटोतही ती नाही.

प्रमाण स्वयंपाकघरातील काट्यावर मोजून लिहिते. तांदूळ २० ग्रॅम, मुगाची डाळ १० ग्रॅम आणि साधारण २० ग्रॅम गाजर. आमची वाटी १५० मिलिलिटरची आहे. एक वाटी पाणी घालून कुकरमध्ये शिजवले आणि मिक्सरमध्ये फिरताना घट्ट वाटले म्हणून आणखी एक वाटी उकळलेले पाणी घातले. तूप घातले नाही, कारण बाळाला ते पचणार नाही असे एका शेजारणीने सांगितले होते. सगळे मिळून दोन वाट्यांपेक्षा थोडे जास्त झाले. ती एका वेळी अर्धी वाटीपर्यंत घेते.

वाटीचमचा

छान, मोजूनच सांगितलेत. आता हिशेब पाहू.

३० ग्रॅम डाळ-तांदूळ म्हणजे साधारण १०० कॅलरी, आणि गाजराच्या थोड्या धरून ११० समजा. त्या दोन वाट्यांहून जास्त, म्हणजे सुमारे ३४० मिलिलिटर मिश्रणात पसरल्या आहेत. मुलगी अर्धी वाटी खाते, तेव्हा तिच्या पोटात जेमतेम २५ कॅलरी जातात. तेवढ्याच मापाच्या आईच्या दुधात साधारण ५० असतात. म्हणजे आपण चमच्याने जे भरवत आहात, त्याला दुधाच्या निम्मीच ताकद आहे, आणि ते पोटात जागा अडवत असल्याने ती त्या प्रमाणात दूध कमी पिणार. बहीण पाणी म्हणाली, ते थोडे कठोर असले तरी फारसे चुकीचे नव्हते.

आता तेच डाळ-तांदूळ आणि गाजर त्याच एका वाटी पाण्यात शिजवा, वरचे पाणी घालू नका, मिक्सरऐवजी पळीने घोटा आणि शेवटी एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तूप घाला. तुपाच्या ४५ धरून एकूण १५५ कॅलरी होतात आणि मिश्रण भरते सव्वा वाटीच्या आसपास. अर्ध्या वाटीत सुमारे ६० कॅलरी जातात. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात धरलेले आहे. पातळ वाटीने तिथे पोहोचणे शक्यच नाही. घट्ट वाटी दिवसातून दोन-तीनदा दिली, तर बऱ्यापैकी जवळ जाता येते. एक चमचा तूप या वयात पचते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. सुरुवातीचे दिवस दोन-तीन चमच्यांचेच असतात आणि त्या काळात पोषणाचा जवळजवळ सर्व भार दुधावरच असतो. पातळ अन्नाची सवय पुढे महिनोन्महिने चालू राहिली, तर ती वजनाच्या तक्त्यावर दिसू लागते.

कामठीची_ताई

मी अंगणवाडीत आहे. आम्हीही मातांना चमचा तिरका करूनच दाखवतो, कारण घट्ट म्हणजे किती घट्ट हे शब्दांनी कोणाला कळत नाही. अडचण अशी येते की आई घरी जाऊन आजीसमोर तेच करते आणि आजी त्यात पुन्हा पाणी ओतते. म्हणून मी आता आजीलाच बोलावते आणि तिच्याच हातात चमचा देते.

आणखी एक सांगते. वाटीचा फोटो पाठवताना शेजारी नेहमीचा चमचा ठेवावा. माझ्याकडे एकदा भरगच्च वाटीचा फोटो आला आणि मी शाबासकी दिली. नंतर घरी जाऊन पाहिले, तर ती देवघरातली नैवेद्याची वाटी होती.

हिंगणा_रोड

नैवेद्याच्या वाटीला निदान शाबासकी तरी मिळाली. आमच्याकडे देवालाही रोज कमी पडतो म्हणून बोलणी बसतात.

सासर_अमरावती

घट्ट करा हे सगळे सांगतात, पण माझ्या मुलाला घट्ट दिले की तो ओकारी काढतो आणि डोळ्यांत पाणी येते. मग मी घाबरून पुन्हा पातळ करते. मानेवाड्याच्या ताईंच्या सासूबाईंची भीती मला समजते. हिशेब कागदावर बरोबर असेल, पण घशात अडकले तर काय करायचे?

वाटीचमचा

ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. पण ओकारी आणि अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओकारी येते तेव्हा बाळ आवाज करते, खोकते, चेहरा लाल होतो आणि अन्न पुढे येते. ही त्याच्या घशाची राखण आहे आणि या वयात ती जिभेच्या बरीच पुढच्या भागात जागी असते, त्यामुळे सुरुवातीला वारंवार येते. अडकते तेव्हा उलट आवाज बंद होतो. बाळाला खोकता किंवा रडता येत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. तशा वेळी बाळाला पालथे घेऊन पाठीवर थाप देण्याची पद्धत असते, ती घरातल्या प्रत्येकाने आधीच प्रत्यक्ष शिकून ठेवावी. लिहून समजण्यासारखी ती नाही.

घोटलेला मऊ भात सहसा अडकत नाही. अडकतात ते अख्खे शेंगदाणे, द्राक्षे, कच्च्या गाजराचे किंवा सफरचंदाचे तुकडे. आपण चमचा अर्धाच भरावा, बाळाला ताठ बसवावे आणि चमचा जिभेच्या मागे न नेता टोकाशी ठेवावा. पाणी वाढवण्याआधी एवढे करून पाहावे.

सासर_अमरावती

बसवण्याचे कबूल करते. मी त्याला मांडीवर आडवेच घेते. चमच्याचे करून पाहीन. तरीही मिक्सर मी लगेच सोडणार नाही.

वाटीचमचा

सध्या मिक्सर ठेवलात तरी चालेल, पाणी तेवढे वाढवू नका. मात्र आठव्या महिन्याकडे जाताना अन्नात मऊ कण राहू द्यावेत. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सर्व गुळगुळीतच मिळालेली मुले पुढे कण आला की तोंडातून काढून टाकतात, असे मी पुष्कळ पाहिले आहे.

नोकरदार_जयताळा

एवढा हिशेब रोज कोण करणार? डब्यातले तयार तृणधान्य कोमट पाण्यात कालवले की झाले. त्यात लोह घातलेले असते, दाटपणा डब्यावर लिहिलेला असतो आणि फोटोही नेहमी सारखाच येतो. मुगाच्या डाळीतून किती लोह मिळणार आहे?

वाटीचमचा

लोहाचा मुद्दा आपण योग्य काढला. हीच गोष्ट फोटोत अजिबात दिसत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाने जन्मताना बरोबर आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास कमी होतो आणि आईच्या दुधात लोह थोडेच असते. या वाटीतल्या १० ग्रॅम डाळीत अर्धा मिलिग्रॅमही लोह नाही आणि त्यातलेही थोडेच शरीराला लागते. म्हणजे दाटपणा उत्तम असलेली, तुपाने चकाकणारी वाटीही लोहाच्या बाबतीत रिकामी असू शकते. डब्यातील धान्यात लोह घातलेले असते हे खरे, पण साखर किती घातली आहे हेही वाचून घ्यावे.

प्रतापनगरच्या_आजी

आमच्याकडे अंड्याचा बलक देत असत. सामिष घरांत कलेजी शिजवून कुस्करत. संत्र्याच्या दिवसांत संत्र्याची फोड सोलून, बिया आणि पापुद्रा काढून तिचा गर जेवणाबरोबर चाटवत. कशासाठी ते तेव्हा कोणी सांगितले नाही.

वाटीचमचा

आजी, ते फार योग्य होते. संत्र्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह जास्त शोषले जाते, पण त्यासाठी ते त्याच जेवणाबरोबर पोटात जायला हवे. दुपारी वेगळा रस देऊन तो फायदा होत नाही. अंडे मात्र पिवळे आणि पांढरे दोन्ही पूर्ण शिजवून द्यावे, आणि पहिल्यांदा देताना सकाळी थोडेसे द्यावे, म्हणजे अंगावर काही उठले तर दिवसा लक्षात येते.

मानेवाडा_आई

आमच्या घरी अंडे चालत नाही आणि त्यावर चर्चा होण्यासारखी परिस्थितीही नाही. मग लोहाचे काय करावे?

कामठीची_ताई

सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोह आणि फॉलिक आम्लाचे सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर देतात. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. आपल्या भागातील आशाताईंकडे चौकशी करावी. बाळाला ताप असेल किंवा सिकलसेल, थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. विदर्भात सिकलसेल कमी नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

नोकरदार_जयताळा

म्हणजे शेवटी औषधच द्यायचे. मग डबा काय वाईट?

वाटीचमचा

डबा वाईट आहे असे मी म्हटलेले नाही. शाकाहारी घरात सिरप, लोहयुक्त धान्य की दोन्ही, हे त्या बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. याबाबत माझ्या बरोबरीच्या लोकांमध्येही एकमत नाही. डब्याला माझा आक्षेप एवढाच की सर्व जेवणे त्यातलीच झाली, तर मूल घरच्या वरणभाताला परके होते.

अजनीकर

मी फळांच्या रसाचे लिहिले होते, त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. तो तरी द्यावा ना?

वाटीचमचा

वर्षाच्या आत रस नको. मऊ फळ कुस्करून द्यावे. मध तर वर्षाच्या आत चाटवण्यापुरताही नको, कारण त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. उष्टावणाच्या ताटात तो अनेक घरी असतो, म्हणून सांगते.

मानेवाडा_आई

आज पळीने घोटून, वरचे पाणी न घालता आणि तूप घालून दिले. तिरक्या चमच्याचा फोटो जोडला आहे. अन्न सरकते, पण धार लागत नाही. तिने अर्ध्या वाटीपेक्षा थोडे कमी खाल्ले. सासूबाईंनी स्वतः चमचा तिरका करून पाहिला आणि त्या काही बोलल्या नाहीत.

एक विचित्र गोष्ट मात्र दिसली. जेवण झाल्यावर वाटीत उरलेले अन्न थोड्या वेळाने पुन्हा पातळ झाले. त्याचा फोटोही टाकला आहे. मी पाणी घातलेले नाही. हे खराब झाले का?

वाटीचमचा

पहिला फोटो उत्तम आहे. दुसऱ्याचे कारण चमचा आहे. तो तिच्या तोंडातून वाटीत आणि वाटीतून तोंडात जातो, त्याबरोबर लाळ वाटीत येते आणि लाळेतला घटक भातातील पिष्ट फोडून ते पातळ करतो. म्हणून दाटपणाचा फोटो नेहमी पहिला घास देण्याआधीचा असावा.

उष्टे उरलेले मात्र टाकूनच द्यावे. यापुढे सव्वा वाटीतली अर्धी वाटी स्वच्छ चमच्याने वेगळी काढावी, बाकी अन्न लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या वेळी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करून मग कोमट करावे. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेला मऊ भात तासाभरानंतर देऊ नये. आंबल्याचा वास येण्याआधीच तो बिघडू लागलेला असतो आणि ते कोणत्याही फोटोत दिसत नाही.

दोन_पाळ्यांचा_बाबा

आमच्या डॉक्टरांनी आणखी काही आठवडे थांबायला सांगितले आहे. तोपर्यंत चमचा तिरका धरण्याचा सराव मी करून ठेवतो.

छायाचित्रकार_धंतोली

तिरक्या चमच्याच्या फोटोत या वेळी उजेड योग्य आहे. चमच्याच्या मागे हिरवी भिंत नसती, तर रंगावरूनही काही बोलता आले असते.